उलटा वक्र नेमके काय सांगतो

३ जुलै २०२३ या दिवशी अमेरिकी सरकारला दोन वर्षांसाठी पैसे देणाऱ्याला वर्षाला साधारण ४.९ टक्के व्याज मिळत होते आणि दहा वर्षांसाठी देणाऱ्याला जेमतेम ३.९ टक्के. कर्जदार तोच, चलन तेच, पैसे बुडण्याची भीती दोन्हीकडे सारखीच नगण्य. तरीही आठ वर्षे जास्त पैसे अडकवणारे लोक एक टक्का कमी व्याज घ्यायला राजी होते आणि असे लोक थोडेथोडके नव्हते. जगातल्या सर्वांत मोठ्या रोखेबाजारात रोज हेच भाव लागत होते. या दोन मुदतींमध्ये इतके उलटे अंतर १९८१ नंतर पडले नव्हते.

दहा वर्षांच्या व्याजदरातून आखूड मुदतीचा व्याजदर वजा केला आणि उत्तर शून्याच्या खाली गेले, की ‘यील्ड कर्व्ह उलटला’ असे म्हणतात आणि पाठोपाठ मंदी येते, असा सांगावा त्याच्या माथी मारला जातो. हे पुस्तक रोखे आणि व्याजदर यांविषयी आहे. पुढच्या प्रकरणांत रोख्यांचे गणित पायरीपायरीने येईलच. प्रस्तावनेत मी एवढ्या एकाच वाक्याची तपासणी करणार आहे, कारण वाचक या विषयाकडे बहुधा त्याच वाक्याच्या दारातून येतो आणि त्यात निम्मेच खरे आहे.

आधी वक्र म्हणजे काय ते पाहू. एकाच दिवशीचे, एकाच सरकारचे, निरनिराळ्या मुदतींचे रोखे घ्यायचे. तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलापासून तीस वर्षांच्या बाँडपर्यंत मुदती आडव्या रेषेवर मांडायच्या, प्रत्येकाचे यील्ड उभ्या रेषेवर मोजायचे आणि बिंदू जोडायचे. यील्ड म्हणजे रोख्यावर छापलेले व्याज नव्हे. छापलेले व्याज बदलत नाही. बदलते ती बाजारातली किंमत. वर्षभराने १०४ डॉलर देणारा कागद आज १०० ला मिळाला तर यील्ड ४ टक्के, ९९ ला मिळाला तर ५ टक्क्यांहून थोडे जास्त. खरेदीदार तुटून पडले की किंमत चढते आणि यील्ड उतरते. दोन्ही गोष्टी कायम एकमेकींच्या उलट चालतात, हे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते.

एरवी हा वक्र डावीकडून उजवीकडे चढत जातो: मुदत लांब, व्याज जास्त. कधी तो सपाट होतो. कधी दोन-तीन वर्षांच्या आसपास फुगवटा येऊन पुन्हा खाली झुकतो. धोरण बदलण्याच्या काळात हा आकार दिसतो आणि फार टिकत नाही. आणि क्वचित तो डोक्यावर उभा राहतो.

त्या जुलैतला आकडा हातात घेऊन बघू. तेव्हा एका वर्षाच्या रोख्याचे यील्ड साधारण ५.४ टक्के होते, दोन वर्षांच्याचे ४.९. दोन वर्षांसाठी १०० डॉलर गुंतवायचे असतील तर दोन वाटा आहेत. सरळ दोन वर्षांचा रोखा घेतला तर शेवटी (व्याजावर व्याज धरून) ११०.०४ डॉलर होतात. किंवा आधी एक वर्षाचा घ्यायचा, वर्षअखेर आलेले १०५.४० डॉलर त्या वेळच्या दराने पुन्हा एका वर्षासाठी लावायचे. दुसऱ्या वाटेनेही ११०.०४ वरच पोहोचायचे असेल तर दुसऱ्या वर्षी ४.६४ डॉलर कमवावे लागतील आणि १०५.४० वर ४.६४ म्हणजे ४.४ टक्के. याचा अर्थ असा, की दोन वर्षांचा रोखा ४.९ ला घेणारा माणूस जणू सांगत होता, ‘आज एका वर्षाचा दर ५.४ आहे, पण वर्षभराने तो ४.४ च्या आसपास आलेला असेल.’ दहा वर्षांच्या रोख्यालाही हाच हिशेब लावता येतो. दोन वर्षे ४.९ ने आणि दहा वर्षे ३.९ ने, या दोन्हींत तोल साधायचा तर उरलेल्या आठ वर्षांचा सरासरी दर ३.६५ च्या आसपास निघतो.

उलट्या वक्रात लिहिलेले असते ते एवढेच: आखूड मुदतीचे व्याजदर खाली येणार आहेत, असे बाजाराला वाटते. मंदी हा शब्द त्यात कुठेही नाही. तो आपण जोडतो आणि त्यामागे तर्क असा असतो, की मध्यवर्ती बँक व्याजदर सहसा अर्थव्यवस्था अडचणीत आल्यावरच झपाट्याने कापते. म्हणून ज्यांना दरकपात दिसते त्यांना अडचण दिसत असणार. तर्क वाजवी आहे. पण तो मधला दुवा आहे आणि दुवे तुटू शकतात.

दुसरी एक गोष्ट या हिशेबात आपण गृहीत धरली. दोन्ही वाटा गुंतवणूकदाराला सारख्याच प्रिय आहेत, असे आपण मानले. तसे नसते. दहा वर्षांच्या रोख्याची किंमत दर थोडा हलला तरी जोराने वरखाली होते, म्हणून त्या धोक्याचा मोबदला लोक मागतात. याला मुदतीचे अधिमूल्य म्हणा, बाजारात ‘टर्म प्रीमियम’च म्हणतात. व्याजदर पुढे अजिबात बदलणार नाहीत असे सगळ्यांना वाटत असले तरी वक्र थोडा चढताच राहतो, तो या प्रीमियममुळे. आता हा प्रीमियमच आटला तर? २००८ नंतर फेडरल रिझर्व्हने लाखो कोटी डॉलरचे लांब मुदतीचे रोखे स्वतः विकत घेतले. परदेशी मध्यवर्ती बँका, पेन्शन फंड, विमा कंपन्या यांनाही लांब मुदतीचा सुरक्षित कागद हवाच असतो, भाव काहीही असो. अशा वेळी लांब टोकाचे यील्ड दबलेले राहते आणि दरकपातीची जराशी अपेक्षाही वक्र उलटायला पुरते. १९८० सालचा उलटा वक्र आणि २०१९ सालचा उलटा वक्र कागदावर सारखे दिसतील. दोन्हींमागची भीती सारखी असेलच असे नाही.

हा संकेत म्हणून अभ्यासला जाऊ लागला तो प्रामुख्याने कॅम्पबेल हार्वे यांच्यामुळे. १९८६ मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांनी जो प्रबंध लिहिला त्यातली कल्पना साधी आणि सुंदर आहे. पुढे वाईट दिवस येणार असे ज्यांना वाटते ते लोक आज थोडा खर्च आवरून, वाईट दिवसांत हाती पैसे येतील असे लांब मुदतीचे रोखे घेतात. मागणी वाढल्याने त्या रोख्यांची किंमत चढते, यील्ड उतरते. म्हणजे वक्राचा उतार हा लाखो लोकांच्या उद्याविषयीच्या अंदाजांचा ठसा असतो. प्रबंध लिहिला तेव्हा हार्वे यांच्या हाती मोजक्याच मंद्या होत्या. नंतर १९९०, २००१ आणि २००७ सालच्या मंद्यांआधीही वक्र उलटला आणि कल्पनेला वजन आले. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पाहिले तर अमेरिकेत एकही मंदी अशी नाही जिच्या आधी दहा वर्षे-तीन महिने हा फरक शून्याखाली गेला नव्हता. उलट बाजूने मात्र १९६६ ची नोंद आहे: वक्र उलटला, अर्थव्यवस्था मंदावली, पण मंदी आली नाही.

आर्तुरो एस्ट्रेया आणि फ्रेडरिक मिश्किन यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्क फेडसाठी केलेले काम मला या साऱ्यात सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यांनी ‘उलटला की मंदी’ असे म्हटले नाही. त्यांनी फरकाच्या प्रत्येक पातळीला वर्षभरानंतरच्या मंदीची शक्यता जोडली. त्यांच्या तक्त्यात फरक जवळजवळ शून्य असताना ही शक्यता अवघी २५ टक्के आहे. ५० टक्के व्हायला फरक उणे ०.८२ वर जावा लागतो आणि ९० टक्क्यांसाठी उणे २.४० वर. शून्य ओलांडले आणि घंटा वाजली, असे त्यात कुठेच नाही. वृत्तवाहिन्यांवर मात्र शून्याची रेषाच लाल रंगात दाखवतात.

हा संकेत खरा ठरतो तेव्हा घटना कशा क्रमाने घडतात, हे २००६-०७ मध्ये जवळून दिसते. जून २००४ मध्ये फेडचा दर १ टक्का होता. तेव्हापासून सलग सतरा वाढी करून जून २००६ मध्ये तो ५.२५ वर नेला. आखूड टोक असे वर ढकलले जात असताना लांब टोक हलायलाच तयार नव्हते. फेब्रुवारी २००५ मध्ये फेडचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी संसदेसमोर या न सुटणाऱ्या कोड्याचा उल्लेख केला होता. मार्च २००६ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी बेन बर्नान्के यांनी न्यूयॉर्कमधल्या भाषणात सांगितले, की सपाट झालेल्या वक्रावरून मोठ्या आर्थिक घसरणीचा अर्थ आपण काढणार नाही. लांब मुदतीचे दर इतर कारणांनीही दबलेले असू शकतात. त्यांचा युक्तिवाद वर सांगितलेल्या टर्म प्रीमियमचाच होता आणि तो तर्कदुष्ट नव्हता. २००६ च्या उन्हाळ्यात वक्र उलटला आणि बराच काळ तसाच राहिला. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली.

पण डिसेंबर २००७ मध्ये वक्र उलटा नव्हता. फेडने सप्टेंबरपासून दर कापायला सुरुवात केली होती, तीन महिन्यांचे यील्ड दहा वर्षांच्या यील्डच्या बरेच खाली आले होते आणि वक्र नेहमीसारखा चढता दिसत होता. मंदीच्या उंबरठ्यावर वक्र बहुधा असाच दिसतो: भाकीत खरे ठरू लागते, आखूड टोक कोसळते आणि उलटेपण आपोआप जाते. वक्र सरळ झाला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस नेमक्या चुकीच्या क्षणी निर्धास्त होतो. शिवाय मंदी सुरू झाल्याचे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने जाहीर केले ते १ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे वर्षभराने. वक्र उलटण्यापासून मंदी सुरू होईपर्यंत कधी सहा महिने जातात, कधी दोन वर्षे. एवढ्या सैल वेळापत्रकावर घर विकायचा किंवा शेअर काढून टाकायचा निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते.

२०१९ चे उदाहरण लोक हिरिरीने देतात. त्या वर्षी मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दहा वर्षे-तीन महिने फरक बहुतेक काळ शून्याखाली होता आणि फेब्रुवारी २०२० नंतर मंदी आली. पण ती मंदी विषाणूने आणली. रोख्यांच्या बाजाराला २०१९ च्या उन्हाळ्यात करोनाची चाहूल लागली होती, असे कोणीही म्हणू शकत नाही. यशाच्या यादीत हे उदाहरण मोजणे योग्य नाही. यादीच मुळात आठ-नऊ मंद्यांची असल्याने एका उदाहरणाने टक्केवारी खूप हलते.

आता पुन्हा २०२३ कडे येऊ. महागाई रोखण्यासाठी फेडने मार्च २०२२ पासून दर शून्यालगतहून उचलले आणि जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० च्या पट्ट्यात नेले. दहा वर्षे-दोन वर्षे फरक जुलै २०२२ मध्ये शून्याखाली गेला आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ, तिथेच राहिला. न्यूयॉर्क फेडच्या गणिताने मंदीची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास गेली. मंदी आली नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षांत अमेरिकी अर्थव्यवस्था चांगली वाढली. आपण मांडलेला हिशेबही चुकला: वर्षभराने एका वर्षाचा दर ४.४ वर येईल असे बाजार सांगत होता. जुलै २०२४ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपासच होता आणि फेडने तोवर एकही कपात केली नव्हती.

असे का झाले? एक कारण वक्राच्या वाचनातच आहे. यील्डमध्ये महागाईचा अंदाजही मिसळलेला असतो. २०२२ मध्ये अमेरिकेतली ग्राहक महागाई ९ टक्क्यांवर पोहोचली होती आणि ती पुढे उतरेल अशी बाजाराची खात्री होती. महागाई उतरली की दरही उतरतील, अर्थव्यवस्था न कोसळतासुद्धा. म्हणजे दरकपातीची अपेक्षा होती, पण तिच्यामागची भीती निराळी होती. वर ज्या मधल्या दुव्याचा उल्लेख केला तो इथे तुटला. स्वतः हार्वे यांनीच २०२३ च्या सुरुवातीला म्हटले होते, की या वेळी आपला निर्देशक खोटा इशारा देत असावा.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. उलटा वक्र नुसता अंदाज सांगत नाही, तो थोडा इजाही करतो, असे मानले जाते. बँका आखूड मुदतीच्या ठेवी घेऊन लांब मुदतीची कर्जे देतात. ठेवी महाग आणि कर्जे स्वस्त झाली की नफा आटतो आणि कर्ज देण्यातला हात आखडतो. मार्च २०२३ मध्ये याचे टोकाचे रूप दिसले. सिलिकॉन व्हॅली बँकेने व्याजदर तळाला असताना ठेवीदारांचे पैसे लांब मुदतीच्या रोख्यांत घातले होते. दर चढल्याने त्या रोख्यांची किंमत पडली, ठेवीदार पैसे काढू लागले, बँकेने सुमारे २१०० कोटी डॉलरचे रोखे विकून १८० कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला आणि दोन दिवसांत, १० मार्चला, बँक बुडाली. तरीही ही इजा सर्वदूर पसरली नाही. बहुतेक अमेरिकी घरमालकांची गृहकर्जे तीस वर्षांच्या ठरलेल्या दराची होती आणि २०२०-२१ मध्ये लाखो लोकांनी ती तळाच्या दराने नव्याने बांधून घेतली होती. मोठ्या कंपन्यांनीही त्याच काळात स्वस्त, लांब मुदतीची कर्जे उचलून ठेवली होती. आखूड दर पाच टक्क्यांवर गेले तरी त्यांच्या हप्त्यावर ओरखडाही उठला नाही.

उलटेपण गेले तेही २००७ सारखे नव्हे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये फेडने एकूण एक टक्का कपात केली, तेव्हा आखूड टोक खाली आले. पण त्याच काळात दहा वर्षांचे यील्ड ३.६ वरून ४.५ च्या पुढे गेले. २००७ मध्ये वक्र सरळ झाला तो आखूड टोक कोसळल्याने, घबराटीने. इथे लांब टोक स्वतःच वर चढले. बाजार मंदीला भीत असता तर तो दहा वर्षांचे रोखे विकत सुटला नसता. वक्राचा फरक सांगणारा एकच आकडा पाहणाऱ्याला हे दिसत नाही. कोणते टोक हलले आणि कशाने, हे पाहिले की दिसते.

मराठी वाचक हे वाचून साहजिकच आपल्याकडच्या वक्राकडे वळेल. बँकेतल्या मुदत ठेवींच्या फलकावरही त्याला उलटेपणा आढळेल: २०२३ मध्ये स्टेट बँक ४०० दिवसांच्या खास ठेवीला ७.१० टक्के आणि पाच वर्षांच्या ठेवीला ६.५० टक्के देत होती. पण तो बँकेने ठरवलेला भाव आहे, बाजारात लागलेला नव्हे. तेवढ्या मुदतीचे पैसे बँकेला त्या घडीला हवे होते, इतकेच त्यातून कळते. सरकारी रोख्यांच्या भारतीय वक्राबाबतही अमेरिकेचा नियम उचलून लावता येत नाही. आपल्याकडे बँकांना ठेवींचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आयुर्विमा महामंडळ आणि भविष्य निर्वाह निधी लांब मुदतीचे कागद घेतच राहतात आणि अमेरिकेसारखी मंद्यांची मोजदाद करून पडताळून पाहावी अशी लांबलचक नोंद आपल्याजवळ नाही.

२०१३ साली मुंबईच्या रोखेबाजाराने जे पाहिले ते याचे चांगले उदाहरण आहे. त्या उन्हाळ्यात फेड रोखेखरेदी आवरती घेणार अशी हाक उठली आणि डॉलर भारतातून बाहेर जाऊ लागले. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १५ जुलैला बँकांना रात्रीपुरते पैसे देण्याचा एमएसएफ दर ८.२५ वरून १०.२५ वर नेला आणि रेपोने मिळणाऱ्या पैशांवर मर्यादा घातली. रेपो दर मात्र ७.२५ वरच ठेवला. काही दिवसांतच आखूड मुदतीचे दर दहा टक्क्यांपुढे उसळले, दहा वर्षांचे यील्ड त्यांच्यापेक्षा खाली राहिले आणि वक्र जोरात उलटला. त्यातही बाजार दर खाली येणार असेच सांगत होता. पण कारण मंदी नव्हते. रुपया स्थिरावला की ही आवळण सैल होईल, हा भरवसा होता. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन यांनी गव्हर्नर म्हणून पहिल्याच धोरणात एमएसएफ ९.५० वर आणला, ऑक्टोबरअखेर तो ८.७५ झाला. त्याच दोन बैठकांत रेपो दर मात्र महागाईमुळे ७.२५ वरून ७.७५ पर्यंत चढवला गेला. दोन दरांमधले अंतर पुन्हा एक टक्क्यावर आले आणि वक्राचे उलटेपण त्या आवळणीबरोबरच ओसरले.